‘त्या टीमशी ओळख करून देतो’ म्हणाले, पुढे काहीच नाही: एका पाठपुराव्याचा दिवसवार हिशेब

मुलाखतीच्या शेवटच्या पाच मिनिटांत कधी कधी एक अनपेक्षित वाक्य येतं. "तुमचं काम आमच्यापेक्षा दुसऱ्या टीमच्या जास्त उपयोगाचं आहे, त्यांच्या मॅनेजरशी तुमची ओळख करून देतो." उमेदवार खूश होऊन कॉल बंद करतो. मग एक आठवडा जातो, दुसरा जातो, आणि ना ओळख होते ना स्पष्ट नकार येतो. मी मुलाखतीही घेतल्या आहेत आणि भरतीची प्रक्रियाही चालवली आहे, त्यामुळे हे वाक्य कुठे जाऊन अडकतं ते जवळून पाहिलं आहे. इथे एका उमेदवाराने केलेला पाठपुरावा पहिल्या दिवसापासून मांडतो. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, क्रम तसाच ठेवला आहे.

ती ऑर्डर आणि बिलिंग सांभाळणाऱ्या टीममध्ये बॅकएंड डेव्हलपरच्या जागेसाठी मुलाखती देत होती. तिसरी फेरी मंगळवारी झाली. आधीच्या नोकरीत तिने रात्री चालणारी एक हिशेब जुळवणी सहा तासांवरून पन्नास मिनिटांवर आणली होती, त्यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी मुलाखत घेणारे सर म्हणाले, "हे आमच्या डेटा प्लॅटफॉर्म टीमचं रोजचं दुखणं आहे. त्यांच्या मॅनेजरशी तुमची ओळख करून देतो."

त्या संध्याकाळी तिने हे वाक्य शब्दशः लिहून ठेवलं. हे काम बारीक वाटतं, पण पुढचा सगळा पाठपुरावा त्यावर उभा असतो. "ओळख करून देतो", "तुमचं नाव सुचवतो" आणि "तिथे जागा आहे का बघतो" ही तीन वेगळी आश्वासनं आहेत. पहिल्यात एक ईमेल लिहायचा असतो, दुसऱ्यात आत कुठेतरी एक मेसेज टाकायचा असतो, आणि तिसऱ्यात फक्त चौकशी असते. दोन आठवड्यांनी आठवणीतून लिहायला बसलं की चौकशीचं आपोआप शिफारशीत रूपांतर होतं, आणि न दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली की समोरचा माणूस सावध होतो. टीमचं नावही नेमकं लागतं. मोठ्या कंपनीत ‘डेटा’ नावाच्या चार टीम असू शकतात.

एक प्रश्न तिच्याकडून राहून गेला, आणि तो बहुतेकांकडून राहतो: "ही ओळख तुम्ही थेट करून देणार की रिक्रूटरमार्फत?" त्या क्षणी विचारला तर हा प्रश्न अजिबात आगाऊ वाटत नाही, आणि उत्तरावरून पुढे कोणाकडे जायचं ते कळतं.

बुधवारी सकाळी आभाराचा ईमेल गेला. सरांचा पत्ता कॅलेंडरच्या निमंत्रणात निमंत्रितांच्या यादीत दिसत होता. तो तिथे दिसला नसता तर रिक्रूटरला ईमेल करून "हे सरांपर्यंत पोहोचवाल का" असं विचारणं योग्य ठरलं असतं. कंपनीच्या पत्त्यांची पद्धत बघून अंदाजाने पत्ता बनवू नये. तो चुकीच्या माणसाकडे जाऊ शकतो, आणि बरोबर लागला तरी "हा कुठून मिळाला" हा प्रश्न मनात राहतो. ईमेल चार ओळींचा होता. शेवटची ओळ अशी:

"डेटा प्लॅटफॉर्म टीमच्या मॅनेजरशी ओळख करून देण्याचं आपण म्हणालात, त्याबद्दल विशेष आभार. त्यासाठी माझ्याकडून काही माहिती हवी असल्यास लगेच पाठवते."

या ओळीत तगादा नाही. बोललेली गोष्ट तिने लेखी केली, एवढंच. तोंडी आश्वासन दिवसाच्या शेवटी विसरलं जातं, कारण सरांनी त्या दिवशी आणखी दोन मुलाखती घेतलेल्या असू शकतात आणि त्यांचं मूळ काम वेगळंच असतं. लेखी ओळ इनबॉक्समध्ये राहते, आणि नंतर आठवण करताना तिच्यावर बोट ठेवता येतं.

पुढच्या सोमवारी नकार आला. "आपल्या वेळेबद्दल आभार, या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवारांसोबत पुढे जात आहोत." उत्तर देता येणार नाही अशा पत्त्यावरून आलेला ठरीव मजकूर. बरेच जण इथेच पाठपुरावा सोडून देतात. ओळखीचं बोलणंही या नकाराबरोबर संपलं असा त्यांचा समज होतो.

तो का चुकीचा असू शकतो, हे समजायला आतली रचना पाहावी लागते. भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये उमेदवाराचं नाव एकदा नोंदवलं जातं, पण त्याचा अर्ज प्रत्येक जागेला वेगळा जोडलेला असतो. नकार त्या एका अर्जावर नोंदवला जातो. ते बटण दाबताना रिक्रूटर एक कारण निवडतो, आणि ‘दुसरा उमेदवार जास्त योग्य’ हे कारण असेल तर दुसऱ्या टीमचा दरवाजा उघडा असतो. मुलाखतकारांनी ‘कुठल्याच टीमसाठी नको’ अशा अर्थाचा शेरा दिला असेल तर मात्र तो बंद होतो, कारण दुसऱ्या टीमचा मॅनेजर नाव आल्यावर सगळ्यात आधी तो शेराच उघडतो. उमेदवाराला यातलं काही दिसत नाही. पण ओळखीचं आश्वासन तिसऱ्या फेरीत, कामाचा नेमका दाखला देऊन मिळालेलं असलं तर शेरा चांगला असण्याची शक्यता जास्त.

उलट काही वेळा नकार येईपर्यंत ओळख होऊच शकत नाही. उमेदवार एका टीमच्या प्रक्रियेत असताना तिला दुसरीकडे पाठवणं म्हणजे आपल्याच सहकाऱ्यांचा उमेदवार पळवणं, असं बहुतेक ठिकाणी मानतात. त्यामुळे पहिल्या जागेचा निकाल लागेपर्यंतची शांतता ही शांतता म्हणून मोजायचीच नाही. मोजणी निकालाच्या दिवशी सुरू होते.

निकालानंतरही काही हललं नाही तर कारणं साधारण तीन असतात. पहिलं, सर विसरले, किंवा लिहायचं लांबणीवर पडलं. ओळखीचा ईमेल लिहायला दहा मिनिटं लागतात, पण त्यासाठी रेझ्युमे शोधायचा, उमेदवाराबद्दल दोन नेमकी वाक्यं सुचायची, आणि हे काम कोणाच्याच कामांच्या यादीत नसतं. दुसरं, त्यांनी त्या मॅनेजरला मेसेज केला आणि उत्तर आलं नाही. मग त्यांनाच संकोच वाटतो आणि उमेदवाराला काय सांगावं ते कळत नाही. तिसरं, त्या टीमकडे मंजूर झालेली जागाच नाही. इंजिनिअर असलेल्या मुलाखतकाराला दुसऱ्या टीमच्या कामाचा त्रास माहीत असतो, जागेची मंजुरी माहीत असतेच असं नाही. त्याने मनापासून शब्द दिलेला असतो, पण तो जागा बघून दिलेला नसतो. माझ्या पाहण्यात हे तिसरं कारण उमेदवार सर्वात कमी वेळा लक्षात घेतात आणि दुर्लक्ष झालं म्हणून मनाला लावून घेतात.

तिन्ही कारणांवर पहिला उपाय एकच: सरांचं काम एका फॉरवर्डवर आणून ठेवायचं. तिने नकारानंतर तीन दिवस थांबून गुरुवारी हा ईमेल पाठवला. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं: "डेटा प्लॅटफॉर्म टीम: ओळखीसाठी माहिती".

"नमस्कार सर,

मागच्या मंगळवारी आपण माझी तिसरी फेरी घेतलीत. बिलिंगच्या जागेचा निकाल मला सोमवारी कळला. आपण डेटा प्लॅटफॉर्म टीमच्या मॅनेजरशी ओळख करून देण्याबद्दल बोलला होतात. आजही ते शक्य असेल तर मला त्या टीमशी बोलायला नक्की आवडेल. आपल्याला सोपं जावं म्हणून थोडक्यात माहिती देते:

सहा वर्षं बॅकएंडचा अनुभव, त्यातली शेवटची तीन मोठ्या बॅच प्रक्रियांवर. रात्रीची हिशेब जुळवणी सहा तासांवरून पन्नास मिनिटांवर आणली. त्यासाठी पूर्ण तक्ता दर रात्री वाचण्याऐवजी फक्त बदललेल्या नोंदी वाचायची रचना केली. नोटीस पीरियड दोन महिन्यांचा आहे. रेझ्युमे सोबत जोडला आहे.

सध्या त्या टीममध्ये जागा नसेल किंवा हे रिक्रूटरमार्फत व्हायला हवं असेल, तर तसं कळवलंत तरी पुरे."

यातल्या बहुतेक ओळी विचारपूर्वक ठेवलेल्या आहेत. मंगळवार, तिसरी फेरी, बिलिंग हे सांगितलं, कारण महिन्याला दहा मुलाखती घेणाऱ्याला नावावरून चेहरा आठवत नाही. निकाल कळल्याचं स्वतःहून सांगितलं, त्यामुळे "हिला नकार कळला असेल का" हा सरांचा संकोच मिटला. मधला परिच्छेद तिसऱ्या माणसासाठी आहे. तो जसाच्या तसा पुढे पाठवता येतो. आकड्याबरोबर तो कसा साधला हेही एका वाक्यात दिलं, कारण डेटा टीमचा मॅनेजर ‘पन्नास मिनिटं’ वाचून थांबत नाही, त्याला पद्धत बघायची असते. शेवटच्या ओळीने सरांना सन्मानाने नाही म्हणायची वाट ठेवली. ती वाट नसली की अडचणीत असलेला माणूस उत्तरच देत नाही.

हा ईमेल तिने जुन्या संवादाला उत्तर म्हणून न लिहिता नव्याने लिहिला. सहसा आठवण त्याच धाग्यात करावी असं सांगतात, आणि साध्या आठवणीसाठी ते बरोबरही आहे. पण जो ईमेल पुढे पाठवला जाणार आहे त्याच्या पोटात आधीचा सगळा संवाद जातो. जुन्या धाग्यात रिक्रूटरशी झालेलं पगाराच्या अपेक्षेचं बोलणं असेल, तर नव्या मॅनेजरला तुमच्या कामाआधी तुमचा आकडा कळतो. म्हणून फॉरवर्ड होणारा ईमेल स्वतंत्र आणि स्वच्छ असावा, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य तो तिसरा माणूस वाचणार आहे असं धरूनच लिहावं. "आपण शब्द दिला होता" यासारखं वाक्य तिथे एकदा गेलं की सर तो ईमेल फॉरवर्ड करूच शकत नाहीत.

शुक्रवारी उत्तर आलं: "हो, लक्षात आहे. बघतो."

या उत्तराने उमेदवाराला बरं वाटतं, पण त्यात काहीच घडलेलं नाही. ओळख केली असती तर सर तसं म्हणाले असते. ‘बघतो’ याचा अर्थ बहुधा असा की त्यांनी अजून विचारलेलं नाही किंवा विचारून उत्तराची वाट पाहत आहेत. तिने त्याच दिवशी "धन्यवाद सर, वाट बघते" एवढंच लिहिलं आणि कामाचे सात दिवस मोजले. सात का? मॅनेजर रजेवर असेल तर एक आठवडा त्यात जातो, आणि दोन टीमच्या लोकांची एकत्र बैठक साधारण आठवड्यातून एकदा होते. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं असतं तर सरांकडे सांगण्यासारखं नवीन काही नसतं, आणि महिनाभर थांबलं तर ‘बघतो’ हेही विसरलं जातं.

सातवा दिवस मंगळवार होता. उत्तर नव्हतं. इथे बरेच जण सरांना तिसरा ईमेल करतात: "काही अपडेट?" याने काही साधत नाही, कारण सरांची अडचण काय आहे ते या दोन शब्दांनी सुटत नाही. अडलेली गोष्ट ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे जायला हवं, आणि ते म्हणजे रिक्रूटर. दुसऱ्या टीमला मंजूर जागा आहे का हे त्यांना दिसतं, अर्ज एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवणं त्यांना जमतं, आणि आधीच्या फेऱ्यांचे शेरे सोबत जातात. सर मनात आणूनही हे स्वतः करू शकत नाहीत.

पण रिक्रूटरकडे जाताना सरांची तक्रार होता कामा नये. काही कंपन्यांत मुलाखतकारांनी उमेदवाराला परस्पर आश्वासन देऊ नये असा नियम असतो. "सरांनी ओळख करून देतो सांगितलं आणि केली नाही" असं लिहिलं तर चांगुलपणा दाखवणारा माणूसच अडचणीत येतो. तिने आधी सरांना एक ओळ पाठवली: "सर, आपला वेळ जाऊ नये म्हणून त्या टीममध्ये सध्या जागा आहे का हे मी रिक्रूटर मॅडमना विचारते आहे." मग रिक्रूटरला लिहिलं:

"नमस्कार मॅडम, बिलिंगच्या जागेचा निकाल मिळाला, धन्यवाद. तिसऱ्या फेरीत माझ्या बॅच प्रक्रियांच्या कामाचा संबंध डेटा प्लॅटफॉर्म टीमशी येतो असं बोलणं झालं. त्या टीमसाठी सध्या जागा खुली आहे का, आणि माझा अर्ज त्यासाठी विचारात घेता येईल का? त्या टीमची भरती दुसरं कोणी पाहत असेल तर माझी माहिती त्यांच्याकडे पोहोचवाल का?"

तीन प्रश्न, तिन्हींचं उत्तर हो-नाहीत देता येतं. तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण अनेक ठिकाणी प्रत्येक रिक्रूटरला ठरावीक टीम वाटून दिलेल्या असतात. तुमच्या रिक्रूटरला दुसऱ्या टीमची जागा भरून स्वतःचं काम झाल्याचा हिशेब मिळत नाही, त्यामुळे न विचारता ती माहिती पुढे जात नाही.

गुरुवारी उत्तर आलं. त्या टीमची जागा मागितलेली होती, पण मंजुरी पुढच्या तिमाहीच्या बजेटमध्ये होती. साधारण पाच आठवडे लागतील असा अंदाज. म्हणजे सर विसरले नव्हते. ओळख करून देण्यासारखं समोर काही नव्हतं, आणि हे उमेदवाराला सांगायचं कसं यात ते अडले होते.

हे कळल्यावर पाठपुराव्याची पद्धत बदलते. आता दर आठवड्याला विचारण्यात अर्थ नाही, घटनेची वाट पाहायची. तिने कंपनीच्या करिअर पानावर त्या टीमच्या नावाने जागांची सूचना लावून ठेवली, आणि बाकीच्या कंपन्यांचे अर्ज चालू ठेवले. ‘अंदाजे पाच आठवडे’ हे पुढे ढकललं जाऊ शकतं किंवा रद्दही होऊ शकतं, त्यामुळे त्या भरवशावर दुसरी ऑफर थांबवू नये. दुसरीकडून खरी ऑफर आली तर मात्र रिक्रूटरला तारखेसह कळवावं. मंजुरीच्या उंबरठ्यावर असलेली जागा अशा वेळी कधी कधी लवकर हलते.

सहाव्या आठवड्यात जागा करिअर पानावर दिसली. इथे एक घाई महागात पडू शकते. पाहताक्षणी अर्ज भरला, तर रेफरलची वाट काही कंपन्यांत तिथेच बंद होते, कारण रेफरलची नोंद उमेदवाराच्या स्वतःच्या अर्जाआधी व्हावी लागते. कुठे आधीचा अर्ज काही महिन्यांच्या आतला असेल तर रेफरल धरलंच जात नाही. नियम बाहेरून दिसत नाही, म्हणून विचारायचं. तिने सरांना जागेची लिंक आणि तिचा क्रमांक देऊन लिहिलं: "ही जागा आज खुली झाली. मी थेट अर्ज करू की आपण रेफर करणार आहात? आपल्याकडून काही कळलं नाही तर परवा संध्याकाळी अर्ज भरते."

मुदत तिने स्वतःच्या कृतीला घातली, सरांना घातली नाही. त्यामुळे ओळ धमकीसारखी वाचली जात नाही आणि काम कुणासाठी अडूनही राहत नाही. सरांचं उत्तर तासाभरात आलं: "अर्ज करू नका, मी रेफर करतो." इतके आठवडे गप्प असलेला माणूस तासाभरात बोलला, कारण आता त्याच्या हातात करण्यासारखं काहीतरी होतं.

जागा आलीच नसती, किंवा रिक्रूटरनेही दोन आठवडे उत्तर दिलं नसतं, तर? मग त्या टीमच्या मॅनेजरला लिंक्डइनवर एकदा थेट लिहिता येतं. तिथे सरांचं नाव शिफारस म्हणून वापरायचं नाही. "मुलाखतीत आपल्या टीमच्या कामाचा उल्लेख झाला" इथपर्यंतच खरं आहे, तेवढंच लिहायचं. मॅनेजर हमखास सरांना विचारतो, आणि तुम्ही सांगितलेलं आणि सरांनी सांगितलेलं जुळलं पाहिजे. त्यालाही उत्तर नाही आलं तर थांबायचं. सरांना दोन, रिक्रूटरला एक, मॅनेजरला एक, यापलीकडे पाचवा निरोप गेला की पुढच्या वर्षी त्याच कंपनीत अर्ज करताना तो आड येतो.

पुढच्या सोमवारी ओळखीचा ईमेल आला. सरांनी तिचा मधला परिच्छेद जसाच्या तसा वर चिकटवला होता आणि स्वतःचं एकच वाक्य जोडलं होतं. तिने त्याच दिवशी दुपारी सगळ्यांना उत्तर दिलं. पहिल्या ओळीत सरांचे आभार मानले आणि "सर, आपल्याला आता बीसीसीत ठेवते" असं लिहून तसं केलं, म्हणजे पुढच्या वेळा ठरवण्याचे ईमेल त्यांच्या इनबॉक्समध्ये पडणार नाहीत. मॅनेजरला त्या आठवड्यातल्या तीन वेळा सुचवल्या. बोलणं बुधवारी अर्धा तास झालं. बॅच प्रक्रिया सोडून मॅनेजरने दुसरं काहीच विचारलं नाही. आधीच्या दोन तांत्रिक फेऱ्यांचे शेरे त्यांनी ग्राह्य धरले, म्हणून पुढे एकच तांत्रिक फेरी उरली.

त्या संध्याकाळी तिने सरांना दोन ओळी पाठवल्या: बोलणं कसं झालं, आणि पुढची फेरी कोणत्या दिवशी आहे.